शासकीय महापूजा कोणाची? मुख्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



आषाढी एकादशीला पहाटे पंढरपुरात विठ्ठल-रखुमाईची शासकीय महापूजा होते. मुख्यमंत्री सपत्नीक गाभाऱ्यात जातात. दर्शनाच्या रांगेतलं एक दांपत्य मानाचे वारकरी म्हणून सोबत असतं. पूजा आटोपली की मुख्यमंत्री बाहेर येऊन पाऊसपाण्यासाठी विठुरायाला साकडं घातल्याचं सांगतात, आणि सकाळपर्यंत त्याची छायाचित्रं घरोघरी पोचलेली असतात. कार्तिकीला हाच मान उपमुख्यमंत्र्यांकडे जातो. आपल्याला लिहायचं आहे ते या पूजेबद्दल. आपली विठ्ठलावर श्रद्धा आहे की नाही, हे विचारण्याचा मला अधिकार नाही. तो आपला आणि विठ्ठलाचा मामला. हे पत्र त्या खुर्चीला आहे, मग तिच्यावर आज आपण असा की उद्या दुसरं कोणी. प्रश्न एवढाच आहे की ही पूजा मुख्यमंत्री या नात्याने व्हावी का.

प्रश्न विचारला की उत्तर काय येतं, हे आता पाठ झालंय. आमचं सरकार सर्व धर्मांचा सारखाच आदर करतं. आम्ही पंढरीला जातो, तसेच इफ्तारला जातो, माउंट मेरीच्या जत्रेला जातो, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जातो. यात भेदभाव कुठे आहे?

भेदभाव नसेलही. पण सेक्युलर राज्याबद्दल दोन वेगवेगळ्या कल्पना आपल्याकडे एकाच नावाखाली नांदतात, आणि हे उत्तर त्यातल्या एकीचंच आहे. एक कल्पना म्हणते, राज्याने सगळ्या धर्मांना सारखं जवळ करावं. दुसरी म्हणते, राज्याला धर्मच नसतो. तो नागरिकांना असतो, आणि म्हणून राज्याने कोणाच्याच देवघरात यजमान म्हणून बसू नये. बऱ्याचदा दोन्ही कल्पनांचा निकाल एकच येतो. दंगल होऊ देऊ नये, नोकरी देताना जात-धर्म पाहू नये, यावर दोघींचं एकमत आहे. पण गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आलं की त्यांच्या वाटा फुटतात, आणि तिथे दोन्हींचं पुण्य एकदम पदरात पाडून घेता येत नाही.

ही फाटाफूट नवी नाही. स्वातंत्र्यानंतर चार वर्षांच्या आतच ती देशाच्या राष्ट्रपती आणि पंतप्रधानांमध्ये झाली. नोव्हेंबर 1947 मध्ये सरदार पटेल सोमनाथला गेले, तेव्हा त्यांच्यासोबत आपले काकासाहेब गाडगीळ होते. मंदिर पुन्हा उभारायचं ठरलं, आणि ते सरकारी खर्चाने व्हावं असा सुरुवातीचा विचार होता. गांधीजींनी त्या महिन्याच्या अखेरीस प्रार्थनासभेत हा विषय काढला. मंदिर जरूर बांधा, पण पैसा लोकांचा असू द्या, सरकारी तिजोरीतला नको, असं त्यांचं म्हणणं होतं. पटेलांनी ते मानलं आणि काम विश्वस्त मंडळाकडे गेलं. पुढे 11 मे 1951 रोजी प्राणप्रतिष्ठेला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद जाणार असं ठरलं. नेहरूंनी हरकत घेतली. देशाच्या प्रमुखाने अशा समारंभाशी स्वतःला जोडून घेऊ नये, असं त्यांचं मत होतं. राजेंद्रप्रसाद गेलेच. त्यांची बाजूही साधी आणि प्रामाणिक होती: बोलावलं तर मी मशिदीत जाईन, चर्चमध्येही जाईन.

या वादात आपण बहुतेक वेळा नेहरू विरुद्ध राजेंद्रप्रसाद एवढंच पाहतो. मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते गांधी. सर्व धर्मांबद्दल आदर हा ज्यांच्या रोजच्या प्रार्थनेचा भाग होता, त्या माणसाला सरकारी पैशाने मंदिर नको होतं. त्याआधी वर्षभर, 1946 मध्ये, एका मिशनऱ्याशी बोलताना त्यांनी धर्म ही प्रत्येकाची खाजगी बाब आहे आणि राज्याचा तिच्याशी संबंध नसावा, असं स्पष्ट म्हटलं होतं. म्हणजे गांधींनी दोन गोष्टींच्या दोन जागा ठरवल्या होत्या. समभाव माणसाने बाळगायचा. अलिप्तता राज्याने पाळायची. शेजाऱ्याच्या ईदला शिरखुर्मा खायला जाणं हा माणसाचा चांगुलपणा झाला. शासन मात्र ना शिरखुर्मा खातं, ना एकादशीचा उपास धरतं. राजेंद्रप्रसादांचं उत्तर व्यक्ती म्हणून निर्दोष होतं, पण ते राष्ट्रपती म्हणून दिलेलं होतं, आणि चूक तिथे होती, असं माझं मत आहे.

आपण म्हणाल, या देशाने गांधींचं नव्हे, संविधानाचं ऐकायचं असतं. अगदी मान्य. मग संविधानाची हकीकत पाहू, कारण ती दोन्ही बाजूंना थोडी अडचणीची आहे.

डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत प्रा. के. टी. शाह यांनी एक दुरुस्ती मांडली. भारताचं राज्य सेक्युलर असल्यामुळे त्याचा कोणत्याही धर्माशी, पंथाशी काही संबंध राहणार नाही, अशा आशयाचं कलम त्यांना हवं होतं. सभेने ते फेटाळलं. संपूर्ण फारकत संविधानकर्त्यांनी नाकारली, हे सेक्युलरवाद्यांनी प्रांजळपणे कबूल करायला हवं. पण त्यानंतर तीस वर्षांनी उलट बाजूचीही तीच गत झाली. आणीबाणीत, 1976 मध्ये, बेचाळिसाव्या दुरुस्तीने सेक्युलर हा शब्द उद्देशिकेत आला. जनता पक्षाचं सरकार आल्यावर 1978 मध्ये एक दुरुस्ती विधेयक आलं, आणि त्यात या शब्दाची व्याख्या घालायचा प्रस्ताव होता: ज्या प्रजासत्ताकात सर्व धर्मांना समान आदर असतो ते सेक्युलर. लोकसभेने व्याख्या मंजूर केली. राज्यसभेने ती गाळली. राज्यसभेत तेव्हा काँग्रेसचं बळ होतं आणि विरोधात राजकारणही होतं, पण परिणाम परिणामच. आपल्या संविधानात आजवर समान आदराची व्याख्या नाही आणि संपूर्ण फारकतीचंही कलम नाही. दोन्ही दारं ठोठावली गेली आणि दोन्ही बंदच राहिली.

मग तिथे काय आहे? काही नेमक्या गोष्टी आहेत. कलम 27 सांगतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठीच ज्याचं उत्पन्न राखून ठेवलंय असा कर देण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही. कलम 28 सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. आणि कलम 25 श्रद्धेचं स्वातंत्र्य देता देताच राज्याला अधिकार देतं की धर्माशी जोडलेल्या आर्थिक, राजकीय आणि लौकिक व्यवहारांचं त्याने नियमन करावं, समाजसुधारणा करावी, आणि हिंदूंच्या सार्वजनिक मंदिरांची दारं सर्व हिंदूंना उघडावीत. या शेवटच्या वाक्यात सगळी गंमत आहे, आणि तिचा अर्थ कळायला पंढरपूरइतकी चांगली जागा दुसरी नाही.

पंढरपूरच्या मंदिरात राज्य दोन वेळा शिरलं. दोन्ही वेळा योग्य कारणासाठी शिरलं, असं मी म्हणेन, आणि दोन्ही वेळा पूजेसाठी शिरलं नव्हतं.

पहिल्या वेळी वाट साने गुरुजींनी काढली. अस्पृश्यांना विठ्ठलाचं दर्शन मिळावं म्हणून त्यांनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मग 1 मे 1947 पासून पंढरपुरात उपोषण सुरू केलं. दहाव्या दिवशी ते सुटलं, मंदिर खुलं झालं. त्याच वर्षी मुंबई प्रांताने हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा केला, आणि 1956 मध्ये त्याहून व्यापक कायदा आला. आता विचार करा, राज्याने त्या वेळी निव्वळ समान आदराचं सूत्र धरलं असतं तर? सनातन्यांचाही धर्मच होता. शिवाशिवीमुळे मूर्ती बाटते ही त्यांची श्रद्धा होती, आणि तीही मनापासूनची. आदर सारखाच वाटायचा असेल तर बडव्यांच्या श्रद्धेला कमी माप आणि गुरुजींच्या श्रद्धेला जास्त माप का? आणि संपूर्ण फारकतीचं सूत्र धरलं असतं तर राज्य म्हणालं असतं, मंदिर तुमचं, दार तुमचं, आम्ही बाहेर. दोन्ही सूत्रांनी चोखोबाच्या वंशजांना दाराबाहेरच ठेवलं असतं. राज्य आत आलं ते नागरिकाच्या हाताला धरून. दर्शनाला येणारा माणूस नागरिक आहे, त्याला जातीवरून अडवता येणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. विठ्ठल खरा की खोटा, विटाळ असतो की नसतो, यावर राज्याने काहीच म्हटलं नाही. म्हणण्याची गरजही नव्हती.

दुसऱ्या वेळी राज्य आलं ते हिशोबासाठी. विठ्ठलाच्या सेवेचे आणि उत्पन्नाचे हक्क पिढीजात होते. विठ्ठलाकडे बडवे, रुक्मिणीकडे उत्पात, शिवाय पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे, दिवटे असे सेवाधारी. भाविकांच्या तक्रारी इतक्या साचल्या की सरकारने न्या. नाडकर्णींचा आयोग नेमला, आणि त्याच्या अहवालानंतर 1973 मध्ये पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला. वंशपरंपरागत हक्क संपवून कारभार समितीकडे द्यायचा, असा तो कायदा. बडवे-उत्पात कोर्टात गेले आणि प्रकरण चाळीस वर्षं रेंगाळलं. जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अपील फेटाळलं. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी अर्ज मागवले, मुलाखती घेतल्या, आणि अर्जदारांत ब्राह्मणेतर होते, स्त्रियाही होत्या. विठ्ठलाच्या पायाशी कोणी उभं राहायचं हे जन्मावर नव्हे तर पात्रतेवर ठरवण्याची ती सुरुवात होती. इथेही राज्याचा हात पूजेला लागला नाही, व्यवहाराला लागला.

समान आदर हे सूत्र कसं दगा देतं हे पाहायचं असेल तर पंढरपुराहून मुंबईला यावं लागेल. मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं, आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने कायदा रद्द केला. धार्मिक शिस्तीसाठी एखाद्याला पंथाबाहेर काढणं हा त्या पंथाचा अंतर्गत कारभार आहे, त्याला संरक्षण आहे, असा त्या निकालाचा गाभा. एकट्या सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हांनी वेगळा निकाल लिहिला: बहिष्कृताची मशीद तुटते, दफनभूमी तुटते, नातीगोती तुटतात, आणि समाज त्याला जवळजवळ अस्पृश्याच्या पायरीवर आणून ठेवतो, राज्य हे पाहत बसू शकत नाही. पंथाला पूर्ण आदर मिळाला, आणि त्या पंथातल्या एका माणसाला मिळायचा तो राहून गेला. समान आदर हा नेहमी धर्म नावाच्या गटाला पोचतो. गटाच्या आतला जो एकटा माणूस असतो, प्रश्न विचारणारा, लग्न भलतीकडे करणारा, त्याच्यापर्यंत तो पोचत नाही. हमीद दलवाईंनी 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं तेव्हा त्यांच्या वाट्याला जे आलं, ते याच सूत्रामुळे. समाजाच्या भावनांचा आदर करणाऱ्या सरकारांना दलवाईंच्या भावना कधी मोजायच्या सुचल्या नाहीत. पुढे 2016 मध्ये आपल्याच विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, देशातला तसा पहिला. बोहरा प्रकरणाचा जुना निकाल बरोबर होता का, हा प्रश्न 2023 मध्ये घटनापीठाने नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.

आता खर्चाकडे येतो. कारण पूजेला विरोध केला की लगेच कोणीतरी विचारतं, मग वारीला पाण्याचे टँकरही द्यायचे नाहीत का?

द्यायचे. भरपूर द्यायचे. या प्रश्नाचं सर्वांत स्वच्छ उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1947 मध्येच दिलं आहे, आणि तेही राज्य आणि चर्च यांच्यात भिंत आहे असं ठणकावून सांगणाऱ्या निकालात. न्यू जर्सीमधल्या एका गावच्या शिक्षण मंडळाने मुलांना शाळेत नेणाऱ्या बसचं भाडं पालकांना परत द्यायचं ठरवलं, आणि त्यात कॅथलिक शाळेत जाणारी मुलंही होती. एका करदात्याने हरकत घेतली. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी भाडं देणं वैध ठरवलं. तर्क असा, की पोलीस चर्चचं रक्षण करतात, अग्निशमन दल चर्चची आग विझवतं, तसंच हे. मुलाला रस्ता सुरक्षित हवा, एवढाच सरकारचा हेतू. शाळेत पोचून ते काय शिकतं याच्याशी त्या पैशाचा संबंध नाही. चार न्यायमूर्तींना हेही पटलं नव्हतं, म्हणजे रेष पुसटच आहे. पण कसोटी उपयोगी आहे. सरकार देतंय ते त्या माणसाला मिळालं असतं का, जरी तो देवाला निघाला नसता तरी?

हीच कसोटी वारीला लावून पाहा. लाखो माणसं आळंदी-देहूहून पायी निघतात. त्यांना पिण्याचं पाणी हवं, शौचालयं हवीत, दवाखाना हवा, घाटात पोलीस हवा, चंद्रभागेत बुडू नये म्हणून होड्या हव्यात. एवढी माणसं क्रिकेटच्या सामन्याला निघाली असती तरी हे सगळं द्यावंच लागलं असतं. इथे सरकार वारकऱ्याला नव्हे, वाटेवरच्या नागरिकाला देतं, आणि ते त्याचं कर्तव्य आहे. मग 2024 मध्ये जाहीर झालेलं दिंडीमागे वीस हजार रुपयांचं अनुदान घ्या. ते पाण्यासाठी नाही, तंबूसाठी नाही. दिंडी ही दिंडी आहे म्हणून ते आहे. इथे कसोटी बदलते. त्याच वर्षी मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आली: साठ वर्षांवरच्या, अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या नागरिकांना माणशी तीस हजार रुपयांपर्यंतची यात्रा. ती एका धर्माची नाही, हे तिचं समर्थन. सिद्धिविनायक आहे, चैत्यभूमी आहे, माउंट मेरी आहे. समान आदराचं हे अगदी घडीव उदाहरण म्हणावं लागेल.

पण यादी केली की यादीत कोण नाही हे विचारणारे येतात. आमचा दर्गा का नाही, आमचं ग्रामदैवत का नाही, आमच्या पंथाचा मठ का नाही. समभावाचं सरकार या प्रश्नांना नाही म्हणू शकत नाही, फक्त जास्त देऊ शकतं. आणि कितीही दिलं तरी म्हाताऱ्या नास्तिकाला काहीच मिळत नाही. त्याला कोकणात समुद्र पाहायला जायचं असेल, हेमलकसा पाहायचं असेल, तर त्याने तिकीट स्वतः काढायचं. उत्पन्न तेवढंच, वय तेवढंच, करही तेवढाच. सगळ्या धर्मांना सारखं देणं म्हणजे सगळ्या नागरिकांना सारखं देणं नव्हे, हे इथे उघडं पडतं. हजच्या विमानभाड्याचं अनुदानही याच वाटेने वाढत गेलं होतं. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम 27 मोडत नाही असं म्हटलं, कारण करांतला फार मोठा वाटा त्यावर जात नव्हता. तरी पुढच्याच वर्षी दुसऱ्या पीठाने दहा वर्षांत ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं, आणि 2018 मध्ये ते बंद झालं. त्या वेळी अनेक मुसलमानांनीच म्हटलं, बरं झालं. हज ऐपत असलेल्याने करायची, ती दुसऱ्याच्या पैशाने कशाला? हज अनुदान थांबल्याचं स्वागत ज्यांनी केलं, त्यांनी तोच न्याय स्वतःच्या तीर्थालाही लावावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

माझ्या बाजूचीही एक अडचण सांगतो, नाहीतर आपण म्हणाल हा एकाच डोळ्याने पाहतो. जिथे फारकत सर्वांत कडक, त्या फ्रान्समध्येही ती निर्भेळ नाही. 1905 चा कायदा म्हणतो की प्रजासत्ताक कोणत्याही उपासनेला मान्यता देत नाही, वेतन देत नाही, अनुदान देत नाही. पण त्याआधी बांधलेली कॅथेड्रल सरकारच्या मालकीची आहेत आणि बहुतेक गावांची चर्च पालिकांच्या. त्यांची देखभाल सार्वजनिक पैशानेच होते. जर्मन सीमेलगतच्या अल्सास-मोझेलमध्ये तर पाद्र्यांना आजही सरकारी पगार आहे, कारण कायदा झाला तेव्हा तो मुलूख जर्मनीकडे होता. आणि आपल्याकडे फारकत म्हणणाऱ्याने एक गोष्ट स्वतःहून मान्य करायला हवी: पूजेत मुख्यमंत्री नकोत, तर मंदिर समितीवर सत्ताधारी पक्षाची माणसंही नकोत. पंढरपूर असो, शिर्डी असो की सिद्धिविनायक, देवस्थानांसाठी कायदे झाले ते हिशोब लागावा म्हणून. त्या समित्यांवरची पदं राजकीय सोयीसाठी वाटायची असतील, तर बडव्यांच्या जागी नवे बडवे आणण्यासाठी चाळीस वर्षं कोर्टात गेली असं म्हणावं लागेल. राज्याने तिथे हिशोब तपासावा, रांगेत भेदभाव होत नाही ना ते पाहावं, आणि बाकीचं भाविकांच्या प्रतिनिधींवर सोडावं.

आता पुन्हा पूजेकडे. दर आषाढीच्या बातम्यांत तिचा इतिहास छापून येतो, आणि त्यात सांगितलं जातं की सत्तरीच्या सुरुवातीला समाजवाद्यांनी निधर्मी राज्यात सरकारी पूजा नको म्हणून आवाज उठवला, वसंतराव नाईकांच्या काळात पूजा थांबली, आणि 1972 च्या दुष्काळानंतर ती पुन्हा सुरू झाली. या कहाणीत न सांगता एक अर्थ दडवलेला असतो: पूजा थांबली म्हणून पाऊस रुसला. मुख्यमंत्र्यांच्या पूजेने पाऊस येतो, असं सरकार कधीही कागदावर म्हणणार नाही. जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या राज्याने ते म्हणूही नये. पण साकड्याचं छायाचित्र दरवर्षी तेच म्हणतं.

पूजा पदाला चिकटली की ती भक्तीची राहत नाही, हे आपण पाहिलंही आहे. 2018 मध्ये मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं आणि मुख्यमंत्र्यांना पंढरपुरात पूजा करू देणार नाही असा इशारा आला. मुख्यमंत्री गेले नाहीत. वर्षा बंगल्यावर विठ्ठलाची पूजा झाली. आंदोलकांना विठ्ठलाशी भांडायचं नव्हतं, सरकारशी भांडायचं होतं. पण सरकारच गाभाऱ्यात उभं राहत असेल तर भांडण गाभाऱ्याच्या दारी येणारच.

आणखी एक विचार करून पाहा. बॅरिस्टर अंतुले 1980 ते 1982 या राज्याचे मुख्यमंत्री होते. पुढेही कोणी मुसलमान, ख्रिस्ती किंवा नास्तिक या पदावर येऊ शकेल. संविधान अडवत नाही. दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी 1956 मध्ये दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतलेली, हिंदू देवतांची पूजा करणार नाही असं वचन दिलेली एखादी बौद्ध स्त्री येऊ शकेल. आली पाहिजे. तिने त्या पहाटे काय करायचं? पूजा करून प्रतिज्ञा मोडायची, की पूजा नाकारून महाराष्ट्राची मुख्यमंत्री अपुरी ठरायची? कोणी म्हणेल, तेव्हा दुसरा मंत्री करेल. पण दुसरा मंत्री शोधावा लागणं हीच कबुली आहे की हे पद काही नागरिकांना जसंच्या तसं बसतं आणि काहींना कापून-शिवून घ्यावं लागतं. समान आदर तिला पूजेऐवजी आपल्या विहारात जाण्याची मुभा देईल. अलिप्त राज्य तिला त्या पहाटे नियोजन भवनात बसून पाण्याचे टँकर कुठे पोचले ते विचारू देईल, आणि तिच्याकडे कोणी वळून पाहणार नाही.

वारकऱ्यांना यात काही गमवावं लागत नाही. विठ्ठलाला राजा लागत नाही, हे वारीने सात शतकं सिद्ध केलंय. तिच्या पुढे ना कधी सुलतान चालला, ना पेशवा, ना इंग्रज कलेक्टर. चालले ते टाळकरी आणि वीणेकरी. मोठ्या माणसांसाठी सामान्य भाविकाची रांग थांबवली जाते ही पंढरपुरातली तक्रारही फार जुनी आहे.

म्हणून विनंती छोटी आहे आणि तिला कायद्यात दुरुस्ती लागत नाही, मंत्रिमंडळाचा ठराव पुरे. महापूजा बंद करा असं मी म्हणत नाही. ती जरूर व्हावी, पण शासकीय हा शब्द तिच्यातून काढा. पूजेचा मान रांगेतल्या त्या वारकरी दांपत्याला पूर्ण द्या. आज ते तुमच्या शेजारी उभे असतात, उद्या त्यांनीच विठ्ठलासमोर उभं राहावं, मंदिर समितीच्या वतीने. दिंडीच्या अनुदानाऐवजी तेवढेच पैसे पालखीमार्गावरच्या पाणी, शौचालय आणि उपचारावर खर्च करा, म्हणजे ते प्रत्येक चालणाऱ्याला मिळतील, मग तो कुठल्याही दिंडीतला असो किंवा कुठल्याच नसो. तीर्थदर्शनाची योजना ठेवायचीच असेल तर तिच्यातून तीर्थ काढा आणि ज्येष्ठांच्या प्रवासाची योजना करा. म्हातारा माणूस कुठे जायचं ते स्वतः ठरवेल.

आणि आपली स्वतःची श्रद्धा असेल तर आषाढीला नक्की या. गाडीचा ताफा वाखरीला सोडा आणि शेवटचा टप्पा दिंडीबरोबर चाला, किंवा दर्शनाच्या रांगेत उभे राहा. तिथे आपल्याला कोणी अडवणार नाही, आणि कोणी अडवलंच तर एक नागरिक म्हणून आपल्या बाजूने बोलायला आम्ही आहोत.

आपला,
महाराष्ट्रातला एक मतदार